लेखाचा मजकूर न देताच सारांश मागताय? या चुका टाळा

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. यंदा कांदा साठवायला चाळ बांधावी की नाही, या विचारात असताना कुणीतरी त्याला एका लेखाची लिंक पाठवली. लेख लांबलचक होता आणि वाचायला सवड नव्हती, म्हणून त्याने मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला हा मेसेज केला:

```
खालील लेखाचा सारांश दहा ओळींत मराठीत दे.
https://example.com/sheti/kanda-chal-kadhi-bandhavi
```

दहा ओळी लगेच आल्या. चाळ जमिनीपासून उंच असावी, हवा खेळती राहावी, कांदा चांगला सुकवून भरावा, सडलेला वेळच्या वेळी वेचून काढावा. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. भावाने ते गटावर टाकलं आणि वर लिहिलं, ‘लेखात असं म्हटलंय.’ ज्याने लेख खरोखर वाचला होता, त्याचा संध्याकाळी फोन आला. लेखात यातलं काहीच नव्हतं. तो एका शेतकऱ्याने स्वतःच्या हिशोबावर लिहिला होता आणि त्याचं म्हणणं असं होतं, की ज्याचा माल थोडा आणि ज्याला मे महिन्यातच पैशांची गरज, त्याने चाळीच्या नादी लागू नये. वजनातली घट आणि सड धरली तर भाव वाढूनही हाती फारसं उरत नाही. म्हणजे सारांश नुसता अपुरा नव्हता, लेख ज्या दिशेने चालला होता त्याच्या उलट निघाला होता.

झालं असं, की लेख चॅटबॉटपर्यंत पोहोचलाच नव्हता. मेसेजमध्ये जे असतं आणि त्याच संवादात आधी जे लिहिलेलं असतं, लेखाबद्दल त्याला तेवढंच दिसतं. तुमच्या ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये लेख उघडा असला तरी त्याला तो सहसा आपोआप दिसत नाही. काल वेगळ्या संवादात पेस्ट केलेला मजकूर आजच्या नव्या खिडकीत त्याच्यासमोर असेलच असं नाही. लिंक उघडून वाचायची सोय त्या साधनात नसेल, तर लिंक ही त्याच्या दृष्टीने फक्त अक्षरांची एक ओळ असते. पण या ओळीत kanda, chal, kadhi, bandhavi हे शब्द होते. कांदाचाळीबद्दल सर्वसाधारणपणे जे लिहिलं जातं ते त्याला भरपूर ठाऊक असतं, आणि त्यातून दहा ओळी सहज तयार होतात.

म्हणून मी या चुकीचे दोन प्रकार मानतो. ‘खालील लेखाचा सारांश दे’ एवढंच लिहिलं आणि खाली काहीच नसलं, तर बहुतेक वेळा मजकूर पाठवा असं उत्तर येतं. त्यात पाच मिनिटं जातात, बाकी नुकसान नाही. मजकूर नसतो पण मथळा किंवा बोलकी लिंक असते, तेव्हा खरी पंचाईत होते. अशा वेळी सारांश मिळतो, तो पटण्यासारखाही असतो, आणि लेखकाचं जे वेगळं म्हणणं असतं नेमकं तेच त्यात नसतं.

मजकूर कुठे हरवतो

सर्वांत जास्त वेळा तो ‘शेअर’ बटणापाशी हरवतो. ते बटण दाबून काहीतरी कॉपी झालं, की लेख सोबत आला असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त लिंक आलेली असते. लेखाचा मजकूर हवा तर लेखावरच बोट दाबून धरायचं, निवड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओढायची आणि मग कॉपी करायचं.

कधी लेख नीट कॉपी होतो, पण मध्ये एखादा ओटीपी कॉपी केला जातो. नेहमीचं पेस्ट फक्त शेवटची कॉपी केलेली गोष्ट देतं, त्यामुळे लेखाच्या जागी सहा आकडे पडतात. विंडोजच्या संगणकावर क्लिपबोर्डची नोंद चालू असेल तर Win+V दाबून आधीचा मजकूर परत मिळतो. संगणकावरच आणखी एक घोळ होतो: सूचना लिहून नवी ओळ घ्यायला Enter दाबतो आणि पेस्ट करण्याआधीच मेसेज निघून जातो. बहुतेक चॅटमध्ये नव्या ओळीसाठी Shift+Enter लागतं. मी तर आधी लेख पेस्ट करतो आणि सूचना शेवटी लिहितो. मग हा प्रश्नच उरत नाही.

मराठी वाचकांना छळणारी एक वेगळीच अडचण आहे, तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बऱ्याच ई-पेपरच्या पानांवर बातमी ही चित्र म्हणून असते, त्यामुळे अक्षरं निवडताच येत नाहीत. आणि जुन्या मराठी पीडीएफमध्ये अक्षरं निवडता येतात, कॉपीही होतात, पण ती युनिकोडमध्ये नसतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी कळांची अक्षरं साठवलेली असतात. ‘मराठी’ हा शब्द पेस्ट केला की असा दिसतो:

```
ejkBh
```

असा पानभर मजकूर पाठवला तर पाठवणाऱ्याच्या मते लेख गेलेला असतो, पण तो लेख म्हणून वाचता येईल याचा भरवसा नसतो; मग वर लिहिलेल्या मथळ्यावरून अंदाज बांधला जाण्याची शक्यता पुन्हा आलीच. त्यामुळे पाठवण्याआधी पेस्ट झालेल्या चार ओळी डोळ्यांखालून घाला. त्या तुम्हाला वाचता येत नसतील तर त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. चित्र असेल तर फोटोतून अक्षरं काढणाऱ्या ॲपने मजकूर काढा आणि जोडाक्षरं नि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा, कारण चुका बहुधा तिथेच होतात.

लिंक उघडणारं साधन असेल तर?

काही चॅटबॉट लिंक उघडतात, हे खरं. पण लेख वर्गणीदारांपुरता असेल, लॉगिन लागत असेल किंवा त्या संकेतस्थळाने अशा यंत्रांना मज्जाव केला असेल, तर हाती पहिले दोन परिच्छेद लागतात किंवा काहीच लागत नाही. दोन परिच्छेदांवर बेतलेला सारांश ओळखणं जास्त कठीण, कारण त्यात लेखातले खरे तपशील असतात, फक्त शेवट नसतो.

ताडून कसं पाहायचं

सारांश मागण्याआधी एक ओळ मागा: ‘लेखाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं दे.’ तुम्ही फक्त मूळ लेखाची दोन टोकं बघायची. पहिलं वाक्य जुळलं आणि शेवटचं जुळलं नाही, तर मजकूर अर्धाच पोहोचला आहे किंवा निवड लेखाच्या पुढे गेली आहे. दोन्ही जुळली नाहीत, तर बहुधा लेख गेलेलाच नाही. सारांश आधीच मिळाला असेल तर त्यात नावं, गावं, आकडे शोधा. ज्या लेखात हिशोब मांडलाय त्याच्या सारांशात एकही आकडा नसावा, हे संशयाला पुरेसं आहे. भावाच्या त्या दहा ओळींत एकही आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तेच काम परत केलं. लेख उघडला, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडला, पेस्ट केला, त्याखाली आधी पहिलं आणि शेवटचं वाक्य मागितलं आणि पुढे लिहिलं:

```
वरील मजकुरावरूनच सारांश दे. मजकुरात नसलेलं काही घालू नकोस.
मजकूर अपुरा वाटला तर तसं सांग.
```

पहिलं वाक्य जुळलं. शेवटचं मात्र ‘हेही वाचा’खालचा भलत्याच बातमीचा मथळा निघाला, कारण निवड लेखाच्या पुढे गेली होती. तो भाग पुसून पुन्हा पाठवलं, तेव्हा घट, सड आणि मे महिन्यातल्या पैशांची गरज हे तिन्ही मुद्दे सारांशात आले. भावाने गटावरचा जुना मेसेज काढून टाकला आणि हा टाकला, या वेळी मूळ लिंकसकट.