या चुका टाळा: सीईटीचा निकाल ते कॉलेजची जागा

निकालाच्या संध्याकाळी आमच्या लालबागच्या घरी फोन सुरू होतात. "काका, ९४ पर्सेंटाइल आलेत. मागच्या वर्षीच्या कटऑफमध्ये माटुंग्याचं कॉलेज बसत नाही, तर ते फॉर्ममध्ये टाकूच नको ना?" घरातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांचे कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, फॉर्म मी बरीच वर्षं भरतोय. गोंधळ दरवर्षी हाच असतो, कारण कटऑफ आधी ठरतो आणि प्रवेश नंतर होतात, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात उलट आहे.

एमएचटी-सीईटीच्या निकालात मिळतो तो पर्सेंटाइल. म्हणजे आपल्या सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, ते. निकाल लागला म्हणून कॅपमध्ये नाव आपोआप जात नाही. तिथे वेगळी नोंदणी करून कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते आणि हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. पुष्कळ जण या यादीत फक्त आपला क्रमांक बघतात. बघायचं असतं ते नावापुढचा प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी. होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या हद्दीतले तुम्ही धरले जाता ते, बारावी कुठून केली त्यावर ठरते, घर कुठे आहे त्यावर नाही. मुलुंडला राहणाऱ्या मुलाने बारावी नाशिकला केली असेल तर मुंबई विद्यापीठाच्या होम जागा त्याच्या नाहीत. ओबीसी मुलाचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध नसेल, तर तो खुल्या प्रवर्गात मोजला जाऊ शकतो. अंतिम यादी लागल्यावर हे निस्तरणं फार कठीण.

आता कटऑफ. प्रत्येक फेरीत संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार वरून खाली येतो, प्रत्येकाचे पर्याय पहिल्यापासून तपासतो आणि जिथे जागा शिल्लक असेल ती देतो. एखाद्या शाखेत ज्याला शेवटची जागा मिळाली, त्याचा क्रमांक म्हणजे त्या फेरीचा कटऑफ. म्हणून कटऑफच्या तक्त्यात रकाना नीट बघा. GOPENH म्हणजे खुल्या प्रवर्गातली होम युनिव्हर्सिटीची जागा, GOPENO बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलांसाठी, GOPENS राज्यस्तरीय. सुरुवातीला L असेल तर ती मुलींची जागा. मुलगा LOPENH बघून खूश झालेला मी पाहिलाय.

एक उदाहरण घेऊ, आकडे कल्पित. समजा भाचीचा क्रमांक ९,४०० आहे. तिने माटुंगा, अंधेरी, ठाणे या क्रमाने पर्याय दिले. माटुंग्याच्या जागा ६,००० पर्यंतच संपल्या, अंधेरीच्या ९,१०० ला. तिला ठाणे मिळालं. शेजारच्या मुलाचा क्रमांक ९,८०० आणि त्याने ठाणे पहिलं टाकलं होतं. तरी तो तिच्या आधी ती जागा घेऊ शकत नाही, कारण तिची पाळी आधी आली. म्हणजे माटुंगा आणि अंधेरी वर टाकून तिचं काहीच गेलं नाही. पर्याय आवडीच्या क्रमाने द्यायचे, कटऑफच्या नव्हे. कटऑफ बघायचा तो यादी किती खाली न्यायची हे ठरवायला.

उलटी चूक मात्र महागात पडते. "सेफ म्हणून" ठाणे पहिलं टाकलं आणि पहिल्याच फेरीत मिळालं, तर ऑटो फ्रीज होतं, म्हणजे तीच जागा पक्की, आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. २०२५ पासूनच्या चार फेऱ्यांच्या पद्धतीत दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी हेच होतं. ती जागा घेतली नाही तरी पुढच्या फेरीत बसता येत नाही. (नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघाच.)

आपल्या भाचीला ठाणे पहिल्या फेरीत मिळालं ते तिसऱ्या क्रमांकावरचं, म्हणून ऑटो फ्रीज नाही. ती जागा स्वीकारून बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी प्रयत्न, निवडू शकते. दोन फेऱ्यांच्या मध्ये बरंच हलतं. कुणी आयआयटी-एनआयटीला जातं, कुणी जागा स्वीकारतच नाही, कुणाला बेटरमेंटमध्ये वरचं कॉलेज मिळतं आणि त्याची जुनी जागा सुटते. अंधेरीचा कटऑफ अशाने ९,५०० वर आला तर तिला अंधेरी मिळेल, पण त्याच क्षणी ठाणे दुसऱ्याला जाईल. "दोन्हींतलं नंतर ठरवू" असं इथे नसतं. म्हणून दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना तिला मी एकच विचारलं असतं: ठाण्याच्या वर लिहिलेलं प्रत्येक नाव तुला ठाण्यापेक्षा खरंच हवंय का? आणि पहिल्या तिनांत असं कुठलं आहे का, जे मिळालं तर तू रडशील? असेल तर ते आत्ताच खाली सरकव.