स्पायडर सॉलिटेअर: एकरंगी डावाची सवय दोन रंगांत नडते, या चुका टाळा

एका रंगाचा स्पायडर भराभर सुटायला लागला की माणूस दोन रंगांकडे वळतो आणि तिसऱ्या वाटपातच अडकतो. माझंही असंच व्हायचं. पत्ते वाईट पडतात असं वाटायचं, पण खरं तर पत्ते मीच गाडत होतो.

एकरंगी डावात नव्वीवर कुठलीही अठ्ठी ठेवली तरी ती जोडी एकत्र उचलता येते. दोन किंवा चार रंगांत ठेवायला तीच मुभा आहे, उचलायला नाही. बदाम नव्वीवर इस्पिक अठ्ठी बसते, पण मग नव्वी एकटी हलत नाही आणि दोघी मिळूनही हलत नाहीत. अशी प्रत्येक भेसळ म्हणजे खालच्या पत्त्यांवर घातलेलं कुलूप. चार रंगांत तर आठ नव्व्यांपैकी दोनच आपल्या अठ्ठीच्या रंगाच्या असतात, म्हणून तिथे भेसळ टळत नाही. ती कुठे करायची, एवढंच आपल्या हातात असतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे दिसली जागा की टाकला पत्ता. दोन रंगांच्या डावातली एक स्थिती घ्या. पहिल्या रांगेत उपड्या पत्त्यांवर एकटी इस्पिक अठ्ठी उघडी आहे. दुसऱ्या रांगेच्या टोकाला बदाम नव्वी आहे. तिसऱ्या रांगेच्या टोकाला इस्पिक नव्वी आणि तिच्यावर बदाम अठ्ठी. उपडा पत्ता उघडायची घाई असते, म्हणून हात इस्पिक अठ्ठी उचलून बदाम नव्वीवर ठेवतो. पत्ता उघडतो खरा, पण आता दोन रांगांत भेसळ झाली. त्याऐवजी आधी बदाम अठ्ठी बदाम नव्वीवर न्या. तिसऱ्या रांगेतली इस्पिक नव्वी मोकळी झाली, तिच्यावर इस्पिक अठ्ठी ठेवा. उपडा पत्ता तोच उघडला, चाल एकच जास्त गेली आणि दोन्ही जोड्या एका रंगाच्या झाल्या. चालींचे गुण कापले जात असतील तर जाऊ द्या, एका गुणासाठी रांग बंद करू नये.

चूक आधीच झाली असेल तर? म्हणजे बदाम नव्वीवर इस्पिक अठ्ठी आणि इस्पिक नव्वीवर बदाम अठ्ठी असा गुंता पडला असेल, तर एक रिकामी रांग पुरते. इस्पिक अठ्ठी रिकाम्या रांगेत काढा, बदाम अठ्ठी बदाम नव्वीवर न्या, मग इस्पिक अठ्ठी इस्पिक नव्वीवर. तीन चालींत गुंता सुटला आणि रिकामी रांग परत मिळाली. अठ्ठीवर तिच्याच रंगाची सत्ती-छक्की लागली असेल तरी हरकत नाही, ती साखळी एकच पत्ता समजून हलवायची. पण साखळीतच भेसळ असेल तर एका रिकाम्या रांगेत भागत नाही.

म्हणूनच रांग रिकामी झाल्या झाल्या तिथे राजा बसवण्याची घाई महागात पडते. राजा कुणावरच बसत नाही, त्यामुळे एक्क्यापर्यंतचे तेरा पत्ते जुळेपर्यंत ती रांग बहुधा अडकून राहते. आधी त्या जागेचा वापर करून जेवढ्या अदलाबदली होतील तेवढ्या उरका, राजा शेवटी. अपवाद एकच: राजा काढल्यावर खालचा उपडा पत्ता उघडणार असेल आणि त्याच्या रंगाची राणी हाताशी असेल, तर बसवा.

भेसळ करावीच लागली तर मोठ्या पत्त्यापासून करा. इस्पिक छक्की, बदाम पंजी आणि इस्पिक चौकी वेगवेगळ्या रांगांच्या टोकाला आहेत असं समजा. चौकी आधी पंजीवर ठेवली तर ती जोडी छक्कीवर नेता येत नाही, पंजीखालचा पत्ता तसाच उपडा राहतो. आधी पंजी छक्कीवर, मग चौकी पंजीवर, असं केलं तर दोन्ही रांगांतले पत्ते उघडतात. क्रम उलटला एवढंच, पण एकरंगी खेळात याने फरक पडत नसल्यामुळे ही सवय लागतच नाही. खोदायला रांग निवडतानाही उपडे पत्ते मोजा. सुरुवातीला पहिल्या चार रांगांत पाच-पाच उपडे असतात, बाकी सहांत चार-चार. कमी असलेली आधी रिकामी होते.

गड्डी वाटण्याआधी थांबायला हवं. प्रत्येक वाटप दहाही रांगांवर एकेक पत्ता टाकतं आणि आत्ताच जुळवलेल्या साखळीच्या डोक्यावर भलताच पत्ता येऊन बसतो. बहुतेक ठिकाणी रिकामी रांग असताना वाटपच होत नाही. तेव्हा ती भरायची तर कुठल्या तरी भेसळीच्या टोकावरचा पत्ता किंवा एकरंगी तुकडा उचलून भरा, म्हणजे निदान एक कुलूप निघतं. चांगली जुळलेली साखळी अर्ध्यात तोडून जागा भरणं हा शेवटचा उपाय. अशी वाटपं पाचच मिळतात.