लूममागून माणसांकडे: माझा परिचय कसा बदलला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर. आता मॅनेजरच्या जागांसाठी अर्ज करायचा होता, पण लिंक्डइनवरचा माझा परिचय रॅपियर लूम, पीएलसी, सर्वो मोटर अशा मशीनच्या नावांनीच सुरू व्हायचा. तिथे सुरुवातीच्या मोजक्या ओळीच दिसतात, बाकीचं झाकलेलं राहतं. म्हणजे माणसं सांभाळल्याचा भाग कुणी उघडून वाचला तरच कळणार.

मग प्रत्येक वाक्याचं क्रियापद तपासलं. 'दुरुस्त केलं', 'बसवलं', सगळं एकट्याच्या हातचं. जुनं पहिलं वाक्य होतं, 'मी लूमचे बिघाड तातडीने दूर करतो.' त्याजागी लिहिलं, 'मी चार फिटरांच्या पाळ्या लावतो. प्रत्येक बिघाडाचं कारण आम्ही वहीत लिहितो, त्यामुळे रात्रपाळीचे बरेचसे बिघाड ते मला फोन न करता काढतात.'

'टीम मॅनेज केली' असं मात्र लिहिलं नाही. रजा कोण मंजूर करायचं, पगारवाढ कोण ठरवायचं, असं मुलाखतीत विचारलं की ते उघडं पडतं. माझ्याकडे पाळ्या लावणं आणि नव्यांना शिकवणं एवढंच होतं, तेवढंच ठेवलं. 'कुशल नेतृत्व' वगैरे सरळ उडवलं. तांत्रिक भाग पुसला नाही, शेवटी दोन ओळींत आणला; मशीन न कळणाऱ्या साहेबाचं आमचे फिटर तरी ऐकत नाहीत.