पाच दिवसांवर पेपर आणि काँट्रॅक्टच्या व्याख्या

एलएलबीच्या पहिल्या वर्षाची मुलं परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मला हमखास एकच गोष्ट विचारतात. इंडियन काँट्रॅक्ट ॲक्टच्या व्याख्या वाचल्या की कळतात, पण पेपरात लिहायला घेतल्या की अर्ध्यावर अडतात, मग करायचं काय? त्या व्याख्या मी कशा पाठ केल्या आणि पुढे ज्युनिअर्सकडून कशा करून घेतल्या, ते इथे लिहितो. पाच दिवस हातात आहेत असं धरतो.

पहिलं काम म्हणजे यादी. कलम २ मध्ये (a) ते (j) अशी दहा उपकलमं आहेत: प्रपोजल, प्रॉमिस, कन्सिडरेशन, ॲग्रीमेंट, काँट्रॅक्ट, व्हॉईड, व्हॉईडेबल वगैरे. त्यात कलम १३ ते १८ घाला, म्हणजे कन्सेंट, फ्री कन्सेंट, कोअर्शन, अनड्यू इन्फ्लुअन्स, फ्रॉड आणि मिसरिप्रेझेंटेशन. वर कंटिंजंट काँट्रॅक्टसारख्या तीन-चार घेतल्या की वीस होतात. पहिल्या पेपरचा कणा इथेच आहे. पाच दिवसांत चाळीस व्याख्या धरू नका. वीस पक्क्या असतील तर बाकीच्या समजुतीवर लिहिता येतात.

आता मुख्य गोष्ट. ॲक्टिव्ह रिकॉल म्हणजे पुस्तक मिटून आठवून काढणं, हे सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती त्याच्या पुढच्या पायरीला, तपासताना. मनातल्या मनात व्याख्या म्हटली, पुस्तक उघडलं, ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं वाटलं आणि पान उलटलं. डंलोस्की, रॉसन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या याच सवयीवर प्रयोग केले. अपुऱ्या किंवा चुकीच्या उत्तरालाही विद्यार्थी स्वतःला भरपूर गुण देतात, असं त्यांना दिसलं. व्याख्येचे सुटे मुद्दे पाडून ‘हा आला का, तो आला का’ असं एकेक तपासायला लावलं की हा भ्रम बराच कमी होतो. व्याख्या पाठ करण्याच्या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट हीच आहे.

कन्सिडरेशनचं कलम २(d) घेऊन करून पाहू. कायद्याच्या वाक्याचा आशय असा: प्रॉमिसरच्या इच्छेवरून प्रॉमिसीने किंवा दुसऱ्या कोणी काही केलं असेल किंवा करायचं टाळलं असेल, करत किंवा टाळत असेल, किंवा करण्याचं वा टाळण्याचं वचन देत असेल, तर ती कृती, ते टाळणं किंवा ते वचन हे मूळ वचनाचं कन्सिडरेशन. एका दमात हे लांबलचक वाटतं. कागदावर त्याचे पाच तुकडे पाडा. एक, प्रॉमिसरच्या इच्छेवरून. दोन, प्रॉमिसीने किंवा इतर कोणी. तीन, केलं, करतो, करीन असे तिन्ही काळ. चार, करणं किंवा न करणं. पाच, हे सगळं त्या वचनासाठी. मग प्रत्येक व्याख्येचं एक कार्ड करा. मागे व्याख्या पूर्ण लिहा आणि प्रत्येक तुकड्याखाली रेघ मारून क्रमांक घाला. पुढे फक्त ‘कन्सिडरेशन, २(d)’.

आता कार्ड उलटं ठेवून कोऱ्या कागदावर लिहा. तोंडी म्हणू नका, निदान पहिल्या दोन फेऱ्यांत तरी नाही, कारण बोलताना निसटलेला तुकडा आपल्याला ऐकूच येत नाही. लिहून झालं की क्रमांकाने ताडा. आमच्या अभ्यासिकेत एका ज्युनिअरची वही मी अशीच तपासली होती. तिने वाक्य झकास लिहिलं होतं, तिन्ही काळही आले होते. ती म्हणाली, “दादा, ही झाली ना?” मी म्हटलं, “एक नंबर कुठाय?” प्रॉमिसरच्या इच्छेवरून, हा तुकडाच नव्हता. तिने दुसऱ्यांदा लिहिलं, तेव्हाही तोच गळला. सलग वाचताना तिला तो शब्दसमूह प्रास्ताविकासारखा वाटत होता, त्यामुळे नजर त्यावरून घसरत होती.

वास्तविक अख्खा दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव हा १८८० चा खटला त्या एका तुकड्यावर उभा आहे. वादीने बाजारात दुकानं बांधली होती ती कलेक्टरच्या सांगण्यावरून. दुकानदारांनी पुढे त्याला कमिशन द्यायचं कबूल केलं, पण बांधकाम त्यांच्या इच्छेवरून झालेलं नव्हतं, म्हणून कन्सिडरेशन नाही असं ठरलं. दुसऱ्या तुकड्यालाही तसाच आधार आहे, चिन्नय्या विरुद्ध रामय्या, १८८२. आईने मुलीला मिळकत दिली आणि मावशीला दरवर्षी ठरावीक रक्कम देत जा असं सांगितलं. मुलीने मावशीला तसं लिहून दिलं आणि नंतर हात वर केले. मावशीने स्वतः काही दिलेलं नव्हतं, तरी आईने दिलेलं पुरेसं धरलं गेलं, कारण कलमात ‘किंवा इतर कोणी’ आहे. प्रत्येक तुकड्याशेजारी असा खटला दोन शब्दांत लिहून ठेवा. मोठ्या प्रश्नात ‘इसेन्शियल्स’ विचारतात तेव्हा हेच तुकडे तुमचे मथळे होतात, म्हणजे व्याख्या पाठ करतानाच दीर्घोत्तराचा सांगाडा तयार होतो.

आता दिवसांची मांडणी. स्पेस्ड रिपिटिशन, म्हणजे अंतर ठेवून केलेली उजळणी, ही महिनोन्‌महिने चालणारी गोष्ट आणि पाच दिवसांत तिचा काय उपयोग, असं बरेच जण म्हणतात. पण उजळण्यांमधलं योग्य अंतर हे परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चाचणी आठवड्यावर असेल तेव्हा सुमारे एका दिवसाचं अंतर सगळ्यात फायद्याचं ठरलं होतं. म्हणजे आपल्याला रोज एक फेरी हवी. एकाच दिवशी पाच फेऱ्या मारून उपयोग नाही.

वीस व्याख्यांचे दोन गट करा. पहिल्या दिवशी पहिला गट: वाचा, तुकडे पाडा, मिटा, लिहा, ताडा. सगळे तुकडे आले तरी कार्ड बाजूला ठेवू नका. ते ढिगाच्या तळाशी घाला आणि बाकीची नऊ झाल्यावर पुन्हा लिहा. लागोपाठ दोनदा लिहिलं तर दुसऱ्यांदा आठवावं लागतच नाही, ते डोळ्यांसमोर असतं. रॉसन आणि डंलोस्की यांनी २०११ मध्ये नेमक्या व्याख्यांवरच काम केलं होतं. पहिल्या बैठकीत तीनदा बरोबर आठवेपर्यंत करा आणि नंतर अंतर ठेवून तीनदा पुन्हा पक्कं करा, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडे वेळ कमी, म्हणून पहिल्या दिवशी दोनदा बरोबर आलं की पुरे. त्यापेक्षा पुढच्या दिवसांच्या फेऱ्या चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी आधी पहिला गट, आणि तोही न वाचता. इथे बहुतेकांचं अवसान गळतं, कारण काल आलेल्या दहापैकी चार-पाचच धड येतात. हे व्हायलाच हवं. न आठवलेल्या कार्डावर लगेच झडप घालू नका, अर्धा मिनिट तरी ताण द्या, मग फक्त पहिला शब्द बघा आणि पुन्हा प्रयत्न करा. त्यानंतर दुसरा गट नव्याने. तिसऱ्या दिवशी दोन्ही गट एकत्र पिसून. चौथ्या दिवशी दुसरा गट आणि पहिल्यातली फक्त अडलेली कार्डं. पाचव्या दिवशी सगळी वीस, एकदाच. पहिल्या दिवसाला दोन-अडीच तास लागतात, पुढे हळूहळू कमी होतं. पाचव्या दिवशी नवीन व्याख्या घेऊ नका. तिला अंतर मिळत नाही आणि जवळच्या जुन्या व्याख्येत ती मिसळते.

ही मिसळ हा या विषयातला खरा त्रास आहे. २(g), २(i) आणि २(j) बघा. कायद्याने अंमलात न आणता येणारं ॲग्रीमेंट व्हॉईड. एका बाजूच्या मर्जीवर अंमलात येऊ शकतं, दुसऱ्या बाजूच्या नाही, ते व्हॉईडेबल. आणि आधी अंमलात येण्याजोगं होतं, नंतर तसं राहिलं नाही, तर तेव्हापासून ते काँट्रॅक्ट व्हॉईड. या तिन्ही एकाच दिवशी शिकल्या तर त्यांची हमखास खिचडी होते. म्हणून पहिले दोन दिवस त्या दोन गटांत विभागून ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी शेजारी मांडून एकच प्रश्न विचारायचा: नेमक्या कुठल्या तुकड्यात फरक आहे? फ्रॉड आणि मिसरिप्रेझेंटेशनचंही तसंच. फसवण्याचा हेतू आहे, की बोलणारा स्वतःच ते खरं मानतो, हा तुकडा वेगळा काढून ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून काही कार्डं उलटी विचारा. मागची बाजू, किंवा त्याहून बरं म्हणजे दोन ओळींची हकिकत वाचायची आणि कलम ओळखायचं. पेपरात प्रॉब्लेमचे प्रश्न असे येतात. तिथे नाव दिलेलं नसतं.

ॲप वापरत असाल तर एक काळजी घ्या. Anki हे कार्डांचं ॲप लांब पल्ल्यासाठी बांधलेलं आहे. बरोबर येत गेलेलं कार्ड ते दोन-तीन फेऱ्यांत पेपरच्या पलीकडच्या तारखेला ढकलतं. डेकच्या पर्यायांत Maximum interval १ किंवा २ वर आणा आणि रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा तपासा. पण इतके थोडे दिवस असताना मी कागदी कार्डंच सुचवेन, कारण ॲपमध्ये ‘Good’ दाबायला तुकडे ताडून बघावे लागत नाहीत.

मूळ इंग्रजी शब्द किती जपायचे, हा प्रश्नही येतो. काही शब्द बदलले की अर्थच बदलतो. ‘at the option of’ किंवा ‘with a view to obtaining the assent’ जसेच्या तसे हवेत, मराठीतून पेपर देणाऱ्यांनी बेअर ॲक्टच्या मराठी प्रतीतले तेवढेच शब्द पकडावेत. बाकी वाक्य स्वतःच्या भाषेत असलं तरी तुकडे पूर्ण असतील तर चालतं.

एकच दिवस उरला असेल तर अंतर तासांचं करा. सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी, मध्ये दुसरा विषय. यादी आठवर आणा: प्रपोजल, कन्सिडरेशन, काँट्रॅक्ट, व्हॉईडेबल काँट्रॅक्ट, कोअर्शन, अनड्यू इन्फ्लुअन्स, फ्रॉड, मिसरिप्रेझेंटेशन. पेपरच्या सकाळी कार्डाची मागची बाजू वाचत बसू नका. पुढची बाजू बघून तुकड्यांचे आकडे मोजा, आणि जिथे आकडा कमी पडेल तेवढंच कार्ड उलटा.