रेंज काढताना नुसतं D ≥ 0 लावून मोकळे होता? या चुका टाळा

परिमेय फलनाची रेंज काढायची म्हटली की सगळ्यांचं ठरलेलं असतं: फलन y बरोबर ठेवायचं, छेद पलीकडे नेऊन गुणायचा, x मधलं वर्गसमीकरण मांडायचं, D ≥ 0 लावायचं आणि जे येईल ते उत्तर म्हणून खाली चौकट मारायची. पद्धत उत्तम आहे, माझी तक्रार चौकट मारायच्या घाईबद्दल आहे. D एवढंच सांगतो की त्या y साठी एखादा वास्तव x आहे, तो x डोमेनमध्ये बसतो का हे बघणं त्याचं काम नाही, ते तुमचं.

यात मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते सांगतो. शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं, फळ्यावर हे गणित घेतलं:

y = (x² − 3x + 2)/(x² + x − 6)

छेद गुणून (y − 1)x² + (y + 3)x − (6y + 2) = 0 आलं, त्याचा D काढला तर 25y² − 10y + 1, म्हणजे (5y − 1)². वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून मी ऐटीत लिहिलं "रेंज: सर्व वास्तव संख्या". मागच्या बाकावरून एकाने विचारलं, सर, मग y = 1 यायला x किती घ्यायचा? म्हटलं काढू की, समीकरणात y = 1 टाकलं, 4x − 8 = 0 झालं, x = 2 आला, आणि मूळ फलनात x = 2 ठेवला तर वर शून्य, खाली पण शून्य! मग कान टवकारले आणि D शून्य होतो ती जागा, y = 1/5, पण बघितली, तिथे x² − 4x + 4 = 0, म्हणजे परत तोच x = 2. खरी रेंज 1 आणि 1/5 सोडून बाकी सगळं. फळा पुसताना मान वर करवत नव्हती.

असं का झालं ते नीट बघा. अंशात आणि छेदात (x − 2) कॉमन आहे, त्यामुळे छेद गुणून घेतला की x = 2 ला दोन्ही बाजू शून्य, मग y काही का असेना, समीकरण खूशच. म्हणजे x = 2 हे प्रत्येक y साठी फुकटात मिळालेलं मूळ आहे, आणि एक मूळ कायम हजर असेल तर D ऋण होणारच कसा? खरं उत्तर दुसऱ्या मुळात असतं, इथे ते x = (3y + 1)/(1 − y), ते y = 1 ला नसतंच आणि y = 1/5 ला नेमकं 2 होतं. म्हणून D चा पूर्ण वर्ग आला की आनंद न मानता आधी कॉमन फॅक्टर शोधा. माझी सवय: पहिल्या ओळीआधीच छेदाची मुळं अंशात टाकून बघतो. इथलं x = −3 टाकलं तर वर 20 येतात, त्याची भीती नाही, भीती फक्त दोन्हीकडे शून्य करणाऱ्याची. आणि जे हुशार (x − 2) आधीच कॅन्सल करून (x − 1)/(x + 3) वर येतात ते 1 बरोबर वगळतात पण 1/5 हमखास विसरतात, कॅन्सल केलं म्हणून भोक बुजत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे x² चा सहगुणक शून्य होतो ती केस. काहीजण तिकडे बघतच नाहीत आणि काहीजण "वर्गसमीकरण हवं म्हणून y ≠ 1" लिहून y = 1 ला सरळ हाकलून देतात, दोन्ही चूक. y = (x² + 1)/(x² + x + 1) घ्या, (y − 1)x² + yx + (y − 1) = 0 येतं, D ≥ 0 वरून (2 − y)(3y − 2) ≥ 0, म्हणजे [2/3, 2]. यातला y = 1 काढायचा का? समीकरणात टाका, x = 0 येतो, डोमेनमध्ये आहे, काढायचा नाही. आता y = x²/(x² + 1) घ्या, D वरून [0, 1] येतं, पण y = 1 टाकलं तर 1 = 0, म्हणून [0, 1). नियम पाठ करायची गरजच नाही, ती एक किंमत वेगळी टाकून बघायची, अर्धा मिनिट लागतो, तेवढाही धीर नसतो लोकांना.

बाकीच्या किरकोळ: D > 0 लिहून टोकं घालवणं. (2 − y) चं (y − 2) करताना असमानतेचं चिन्ह न फिरवणं, मग रेंज आतली बाहेर होते, अशा वेळी x = 0 टाकून आलेला y उत्तरात बसतो का एवढं बघितलं तरी बहुतेकदा चोर सापडतो.

आणि गणितात x > 0 दिलं असेल तर नुसता D अजिबात पुरत नाही: x/(x² + 1) ला D सांगतो [−1/2, 1/2], पण धन x साठी फक्त (0, 1/2] उरतं.