शेंगदाण्याची बुरशी आणि यकृत : पावसाळ्यात या चुका टाळा

जून उजाडला की मुंबईत मीठ पाझरायला लागतं, पापड मऊ पडतात. नेमक्या त्याच हवेत आपण श्रावणातल्या उपासांसाठी शेंगदाणे भरून ठेवतो. दाण्यांवर वाढणारी ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ती शेतात, शेंग जमिनीत असतानाही लागू शकते. त्यामुळे वाण्याकडून आणलेला दाणा घरी येतानाच विषारी असू शकतो.

‘भाजलं की झालं’ असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष दाण्यातच राहतं. ते पूर्ण मोडायला दोनशे अंशांच्या बरंच वर तापमान लागतं आणि प्रेशर कुकर जेमतेम 120 अंशांपर्यंत जातो. कढईत खमंग भाजल्याने थोडं विष कमी होतं, सगळं जात नाही. बुरशी पुसून, धुऊन किंवा उन्हात घालूनही तेच. ऊन दाणा कोरडा करतं, म्हणजे नवी वाढ थांबते, एवढाच त्याचा भरवशाचा उपयोग.

न निवडता कूट करणं

हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्यात भरमसाट विष असतं. समजा, दोन किलोंत अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा खराब आहे आणि त्यात 50 मायक्रोग्रॅम विष आहे. सगळ्याचं कूट केलं तर किलोमागे 25 मायक्रोग्रॅम होतात. खाद्य नियमांनुसार थेट खाण्याच्या दाण्यांसाठी मर्यादा आहे किलोमागे 10. म्हणजे एका दाण्याने अख्खा डबा मर्यादेबाहेर नेला, आणि कूट झाल्यावर तो दाणा शोधणार कसा?

म्हणून दाणे दोनदा निवडायचे. कच्चे असताना सुरकुतलेले, काळपट, किडलेले, फुटके काढा. भाजून सालं पाखडल्यावर पुन्हा एकदा पसरा, कारण सालाखाली लपलेले डाग तेव्हाच दिसतात. शंका आलेल्या दाण्याच्या दोन पाकळ्या उघडून पाहा, बुरशी बऱ्याचदा आतल्या फटीत असते. असे दाणे खूप निघाले तर निवडत बसू नका, सगळेच टाका. तयार कुटाचं पाकीट स्वस्त असलं तरी मला ते पटत नाही, त्यात निवडायला काही उरलेलंच नसतं.

इथे एक घोटाळा होतो. खवट वास म्हणजे दाण्यातलं तेल खराब झालं. ते वाईटच, पण ते म्हणजे अफ्लाटॉक्सिन नव्हे. उलट, वास चांगला आहे म्हणून विष नाही असंही धरता येत नाही, कारण या विषाला स्वतःचा वासच नाही. कडू लागलेला दाणा मात्र गिळू नका, थुंकून चूळ भरा.

गरम दाणे डब्यात कोंडणं

वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि खाली टपकते. दाणे पूर्ण गार करून हवाबंद डब्यात भरा, चमचा कोरडाच घाला. फ्रीजमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडलात तर गार दाण्यांवर दव धरतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणा, हे सगळ्यात सोपं. ज्वारी, बाजरी, मका यांचंही हेच आहे. पोतं फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. धान्यात किडे झाले की त्यांच्यामुळे ऊब आणि ओल वाढते, आणि मागोमाग बुरशी येते.

‘यकृताची एलएफटी तपासणी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त राहणं

एकदम भरपूर विष गेलं तर कावीळ होते. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. शहरात धोका वेगळा आहे : वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाणं. यकृत हे विष बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलतं, तेव्हा मधेच तयार होणारा एक पदार्थ पेशीच्या डीएनएला चिकटतो. असं वारंवार झालं तर गाठी रोखणाऱ्या जनुकात बिघाड होऊन यकृताचा कर्करोग होऊ शकतो. या काळात काही दुखत नाही आणि नेहमीची एलएफटी तपासणीही हे दाखवत नाही.

ज्यांना हेपॅटायटिस बीचा जुना संसर्ग आहे, त्यांच्यात या विषाची कर्करोग घडवण्याची ताकद सुमारे तीसपट धरली जाते. म्हणून ‘एचबीएसएजी’ तपासणी एकदा करून घ्या आणि संसर्ग नसेल तर डॉक्टरांना लस विचारा. यकृत ‘डिटॉक्स’ करणाऱ्या काढ्यांवरचे पैसे तिकडे वळवा.

खराब दाणे पाखरांना, गाईला घालणं

कोंबड्या-बदकांना हे विष माणसापेक्षा लवकर बाधतं, आणि दुभत्या गाईच्या पोटात गेलं की त्याचाच एक प्रकार दुधात उतरतो. पिशवीत बांधून थेट कचऱ्यात टाका.