निळी ताडपत्री काढताना कळलेले पाच शब्द (माझा अनुभव)

मामाच्या मालवणच्या होमस्टेचा फोटो होता, पडवीवर पावसाळ्यातली निळी ताडपत्री तशीच, तिच्या जागी फोटो बदलणाऱ्या AI टूलने कौलं दाखवायची होती. मी मास्क काढला, म्हणजे बदलायच्या भागावर ब्रश फिरवला (माझ्या टूलमध्ये पांढरं ते बदलतं, काळं तसंच राहतं), आणि चार तास गेले, कारण ताडपत्री जायची पण निळी कौलं यायची!

चूक स्ट्रेंग्थची होती. जुन्या चित्रातलं किती पुसायचं ते हा आकडा ठरवतो, 0 म्हणजे फोटो जसाच्या तसा, 1 म्हणजे जुनं जवळपास विसरायचं. माझा 0.4 वर होता, त्यामुळे खालचा निळा रंग उरायचा. 0.85 केला तर लाल कौलं आली, पण कडेला निळी रेघ, कारण मास्क ताडपत्रीच्या अगदी काठावर थांबलेला. थोडा बाहेर नेला, गेली.

मधे मी गायडन्सपण 7 वरून 18 केला, म्हणजे मी टूलला लिहून दिलेली सूचना जास्त कडक पाळ, तर कौलं भडक नारिंगी, प्लास्टिकची वाटायला लागली, परत 7.

हे सगळं तपासताना सीड एकच ठेवा बरं का. टूल ज्यातून चित्र बनवतं तो सुरुवातीचा ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ कुठला ते या नंबरावरून ठरतं, तो दरवेळी बदलला तर फरक स्ट्रेंग्थने पडला की नशिबाने, कळतच नाही.

शेवटी शेजारच्या घराच्या कौलांचा फोटो रेफरन्स म्हणून दिला. त्यातून शेवाळाचा काळपटपणा आला, हुबेहूब तीच कौलं मात्र नाही आली.